एकच आकडेमोड, तीन रुंद्या : शार्पनिंग, टेक्स्चर आणि क्लॅरिटी

पावसाळा ओसरला की ट्रेकिंगच्या ग्रुपांवर गडकिल्ल्यांच्या फोटोंचा पाऊस सुरू होतो. त्यातल्या बऱ्याच फोटोंत एक खूण सारखी दिसते. डोंगराची कड जिथे आभाळाला टेकते, तिथे कडेच्या वरच्या अंगाने एक पांढुरका पट्टा धावत असतो. ढग मळकट झालेले असतात, गवताची पाती टोचतील अशी दिसतात आणि बुरुजापाशी उभ्या असलेल्या पंचविशीतल्या पोरांचे चेहरे चाळिशीचे वाटतात. यात ना कॅमेऱ्याचा दोष असतो, ना हवेचा. घरी आल्यावर एडिटर उघडून शार्पनिंग, टेक्स्चर आणि क्लॅरिटी हे तिन्ही स्लायडर उजवीकडे ढकललेले असतात, एवढंच.

ढकलणाऱ्याला दोष तरी कसा द्यायचा? तिन्ही स्लायडर हलवले की पहिल्या क्षणी एकच परिणाम जाणवतो : फोटो ‘खुलला’. नावांवरूनही फारसा उलगडा होत नाही. मग पहिल्याने थोडं खुललं तर तिघांनी जास्त खुलेल, हा हिशेब साहजिकच आहे. गंमत म्हणजे तो अगदीच चुकीचा नाही, कारण तिघांच्या मुळाशी खरोखरच एकच आकडेमोड आहे. फरक आहे तो ती आकडेमोड किती रुंद शेजारावर चालते याचा. तो फरक कळला की कोणता स्लायडर कधी हलवायचा हे पाठ करावं लागत नाही.

ती आकडेमोड सहा आकड्यांत करून बघता येते. संगणकाच्या लेखी फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. शून्य म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं. समजा एका गडद भिंतीला लागून उजळ भिंत आहे आणि त्या सीमेवरचे एका ओळीतले सहा पिक्सेल असे आहेत : ९०, ९०, ९०, १५०, १५०, १५०. आता या ओळीची एक धूसर प्रत काढायची. धूसर करणं म्हणजे प्रत्येक आकड्याच्या जागी तो स्वतः आणि त्याचे दोन शेजारी यांची सरासरी लिहिणं. तिसऱ्या जागी ९०, ९० आणि १५० यांची सरासरी येते ११०. चौथ्या जागी ९०, १५० आणि १५० यांची येते १३०. बाकीचे जिथल्या तिथे राहतात. धूसर प्रत झाली : ९०, ९०, ११०, १३०, १५०, १५०.

मूळ आकड्यांतून ही धूसर प्रत वजा करा. चार जागी शून्य उरतं, तिसऱ्या जागी उणे २० आणि चौथ्या जागी अधिक २०. म्हणजे वजाबाकीत उरली ती फक्त कड, बाकी सपाट भिंती गळून गेल्या. ही उरलेली कड मूळ ओळीत मिळवली की होतं : ९०, ९०, ७०, १७०, १५०, १५०. आधी सीमेवर ६० ची उडी होती, ती आता १०० ची झाली. गडद बाजू सीमेलगत आणखी गडद झाली, उजळ बाजू आणखी उजळ. डोळ्याला वाटतं, फोटो स्पष्ट झाला.

डोळ्याला तसं वाटतं याला कारण आहे. आपली दृष्टी स्वतःच कडांवर असाच जोर देत असते. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये हे नोंदवून ठेवलं होतं. एडिटर डोळ्याच्या याच सवयीचा फायदा घेतो. पण वरच्या सहा आकड्यांत नवी माहिती कुठेच आली नाही, हेही बघून ठेवा. भिंतीवरची जी भेग कॅमेऱ्याने टिपलीच नाही, ती या बेरीज-वजाबाकीतून उगवत नाही. हात हलल्यामुळे किंवा फोकस भलतीकडे लागल्यामुळे बिघडलेला फोटो शार्पनिंगने सुधारत नाही तो त्यामुळेच. हललेल्या फोटोत कड मुळात दुहेरी उमटलेली असते. शार्पनिंग त्या दोन्ही कडा ठळक करतं आणि फोटो आधीपेक्षा वाईट दिसतो.

ही युक्ती संगणकाने शोधलेली नाही. फिल्मच्या जमान्यात डार्करूममध्ये निगेटिव्हची मुद्दाम किंचित धूसर अशी पॉझिटिव्ह प्रत काढत, दोन्ही एकमेकांवर ठेवत आणि त्यातून प्रिंट घेत. वजाबाकी तीच, फक्त आकड्यांऐवजी प्रकाशाने केलेली. डेव्हिड मॅलिन यांनी १९७० च्या दशकात अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत हीच पद्धत वापरून दीर्घिकांच्या काचपट्ट्यांवरचे फिकट तपशील बाहेर काढले होते.

आता मुद्द्याची गोष्ट. आपण धूसर प्रत काढताना फक्त एकेका शेजाऱ्याला धरलं. तीस-तीस शेजारी धरले असते तर? शंभर-शंभर? मग वजाबाकीत फक्त सीमेवरची बारीक रेघ उरली नसती. गालावरची सावली, कड्यातली घळ, ढगाचा फुगवटा असं मोठं काहीतरी उरलं असतं. स्वयंपाकघरात मैद्याची, पिठाची आणि रव्याची चाळण वेगळी असते, तसं हे आहे. शार्पनिंग सर्वांत बारीक छिद्रांची चाळण वापरतं, टेक्स्चर मधली, क्लॅरिटी मोठी. प्रत्येकीत जे अडकतं, तेवढंच तो स्लायडर वाढवतो किंवा कमी करतो.

सगळ्यात बारीक चाळणीपासून सुरुवात करू. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी आखलेल्या आणि १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या चौकटीवर आजही बहुतेक कॅमेरे चालतात. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांकडे बघून अंदाजाने भरले जातात, आणि अंदाज म्हटला की कडा थोड्या पसरणारच. त्यात काही कॅमेऱ्यांत बारीक नक्षीवर खोटे पट्टे उमटू नयेत म्हणून सेन्सरपुढे प्रतिमा किंचित मऊ करणारा फिल्टरच बसवलेला असतो. म्हणून रॉ फाइल जन्मतःच थोडी मऊ असते. शार्पनिंगचं पहिलं काम ही जन्माची मऊ कड सावरणं, एवढंच. फोटोला भाव देणं किंवा नाट्य आणणं हे त्याचं काम नाही.

लाइटरूममध्ये रॉ फाइल उघडली की शार्पनिंग आधीच लावलेलं दिसतं : अमाउंट ४०, रेडियस १, डिटेल २५, मास्किंग शून्य. जेपेग उघडली तर अमाउंट शून्य असतो, कारण कॅमेऱ्याने ते काम आतल्या आत उरकलेलं असतं. या चार स्लायडरांपैकी अमाउंट म्हणजे वजाबाकीतून उरलेलं किती पट मिळवायचं ते. आपल्या उदाहरणात वीसऐवजी दहाच मिळवले असते तर सीमा ८० आणि १६० अशी झाली असती. रेडियस म्हणजे धूसर प्रतीची रुंदी. लाइटरूममध्ये ती अर्ध्या पिक्सेलपासून तीन पिक्सेलपर्यंतच जाते, यावरूनच शार्पनिंगचं राज्य किती चिमुकलं आहे हे कळतं. पानं, कापडाचे धागे, दगडाचे कण असतील तर ०.७ ते ०.८ पुरतो. चेहरा असेल तर थोडा मोठा, १.२ च्या आसपास, म्हणजे पापण्या उठतात आणि त्वचेची रंध्रं तितकी उठत नाहीत. डिटेल कमी ठेवला तर कडेजवळची पांढरी-काळी रेघ दबते. वाढवला तर बारीक कण वर येतात, आणि त्यांच्याबरोबर नॉइजही.

चौथा, मास्किंग, हा माझ्या मते या चौकडीतला सर्वांत कामाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. वजाबाकीत कड उरते हे खरं, पण सेन्सरची खरखरही उरते, कारण तीही एकेका पिक्सेलची असते. चाळणीला दोन्ही सारखीच. म्हणून सपाट आभाळावर शार्पनिंग चढवलं की वाळू पसरल्यासारखी दिसते. मास्किंग वाढवलं की सपाट भाग वगळले जातात. विंडोजवर ऑल्ट, मॅकवर ऑप्शन ही कळ दाबून धरत मास्किंगचा स्लायडर सरकवा. पडदा काळा-पांढरा होतो. पांढरं दिसतं तिथे शार्पनिंग लागणार, काळं दिसतं तिथे नाही. आभाळ आणि गाल पूर्ण काळे होईपर्यंत सरकवायचं आणि थांबायचं.

हे सगळं शंभर टक्के झूमवर बघायचं असतं, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर. २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० पिक्सेल रुंद असतो. अख्खा फोटो पडद्यावर बसवून त्यातली एका पिक्सेलची कड पारखायला गेलात तर फरक जाणवणारच नाही, आणि जाणवत नाही म्हणून स्लायडर १२० वर जाऊन पोहोचेल. फोटो बिघडण्याची सर्वांत नेहमीची वाट हीच.

क्लॅरिटी वयाने टेक्स्चरपेक्षा मोठी. अडोबीच्या कॅमेरा रॉ आणि लाइटरूममध्ये ती २००७ मध्ये आली. त्याआधी जाणकार लोक फोटोशॉपमध्ये शार्पनिंगचंच हत्यार उलटं धरून हा परिणाम साधत : अमाउंट अगदी कमी आणि रेडियस भलामोठा, पन्नास-साठ पिक्सेल. क्लॅरिटीने तेच एका स्लायडरवर आणलं, आणि त्याचा जोर मुख्यतः मधल्या छटांवर ठेवला, म्हणजे गडद सावल्या आणि लखलखते भाग फार ताणले जाऊ नयेत.

ती करते काय, हे नेहमीच्या कॉन्ट्रास्ट स्लायडरशेजारी ठेवून बघितलं की कळतं. कॉन्ट्रास्ट प्रत्येक पिक्सेलची तुलना एकाच ठरलेल्या मधल्या पातळीशी करतो. तिच्यापेक्षा गडद असेल त्याला आणखी गडद, उजळ असेल त्याला आणखी उजळ. त्यामुळे सावलीतला अख्खा कडा काळा पडतो. क्लॅरिटी प्रत्येक पिक्सेलची तुलना त्याच्या आसपासच्या परिसराशी करते. सावलीतल्या कड्यातही एक घळ शेजारच्या खडकापेक्षा गडद असते आणि एक कंगोरा थोडा उजळ असतो. क्लॅरिटी ती घळ खोल करते, कंगोरा पुढे आणते आणि कड्याची एकूण पातळी जवळजवळ तशीच ठेवते. सपाट वाटणारा डोंगर अंगाने भरतो, त्याला उठाव येतो.

पण आपले सहा आकडे आठवा. सीमेलगत उजळ बाजू १५० वरून १७० झाली होती. शार्पनिंगमध्ये हा उजळलेला पट्टा एका पिक्सेलचा, म्हणून तो डोळ्याला ‘स्पष्टपणा’ वाटतो. क्लॅरिटीत शेजार रुंद, म्हणून पट्टाही रुंद. डोंगर आणि आभाळ यांच्या सीमेवर तो शंभर-दीडशे पिक्सेल पसरला की डोळा त्याला कड मानत नाही, उजेड मानतो. गडाभोवतीचा तो पांढुरका पट्टा तो हाच. अडोबीने २०१२ च्या लाइटरूम ४ मध्ये क्लॅरिटीची आतली पद्धत बदलली. आदल्या वर्षी सिल्वां पारी, सॅम्युअल हॅसिनॉफ आणि यान काउट्झ यांनी ‘लोकल लाप्लासियन फिल्टर’ नावाची पद्धत मांडली होती. तिच्यात मोठ्या, खऱ्याखुऱ्या कडा ओळखून त्यांना न छेडता आतला तपशील वाढवता येतो. तेव्हापासून हा पट्टा बराच आटोक्यात आला, पण गेला नाही. चाळीसच्या पुढे क्लॅरिटी नेली की आभाळाच्या कडेला नजर ठेवायचीच.

चेहऱ्यावर क्लॅरिटीची पंचाईत वेगळी आहे. डोळ्यांखालची सावली, नाकपुडीपासून ओठापर्यंत उतरणारी घडी, कपाळावरची आठी हे सगळं नेमकं क्लॅरिटीच्या चाळणीत अडकण्याच्या मापाचं. ती सगळी खोल होतात. शिवाय अधिक क्लॅरिटीने रंग थोडे उतरल्यासारखे वाटतात आणि गव्हाळ, सावळी त्वचा राखाडी, मळकी दिसू लागते. शेतात राबलेल्या वृद्धाच्या कृष्णधवल फोटोत हे कुणाला हवंही असेल. मुंडावळ्या बांधलेल्या नवरीला नको असतं.

आणि उलट दिशा? क्लॅरिटी उणे केली तर चेहऱ्याला घडण देणाऱ्या सावल्याच पातळ होतात आणि सगळीकडे एक दुधी चमक पसरते. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या अल्बमांतले ते मेणाचे चेहरे आठवून बघा. त्यांच्यापैकी काही तरी या स्लायडरची करणी असणार.

टेक्स्चर आलं ते ही अडचण सोडवायला. मे २०१९ मध्ये लाइटरूम आणि कॅमेरा रॉ यांत ते आलं. अडोबीचे मॅक्स वेंट यांच्या चमूने सुरुवात केली होती ती त्वचा मऊ करणारं हत्यार बनवायला. त्वचेचे डाग आणि रंध्रं पुसट व्हावीत, पण पापण्या, केस आणि चेहऱ्याची घडण तशीच राहावी, हा हेतू. त्यासाठी त्यांनी मधल्या मापाचा तपशील वेगळा काढला : पिक्सेलभर कडेहून मोठा, गालाच्या सावलीहून लहान. हा तपशील कमी करता येतो तर वाढवताही येईल, हे उघडच होतं. म्हणून स्लायडर दोन्हीकडे चालतो.

या मधल्या मापात काय काय येतं? त्वचेचा पोत, झाडाची साल, घोंगडीची वीण, छिन्नीचे घाव, जांभ्या दगडाची भोकं. सेन्सरची खरखर यापेक्षा बारीक असते, म्हणून टेक्स्चर वाढवल्यावर ती शार्पनिंगइतकी उसळत नाही. मोठ्या सावल्या यापेक्षा रुंद असतात, म्हणून रंग आणि उजेडाचा एकूण तोल ढळत नाही. अधिक पंचवीस टेक्स्चर लावलेला फोटो बघणाऱ्याला काही केलंय हे बहुतेक कळत नाही. चुकलं तर ते टोकाला कळतं : अधिक सत्तरच्या पुढे पानं पत्र्याची वाटतात, उणे पन्नासच्या खाली चेहरा प्लास्टिकचा.

मग एखाद्या फोटोला यातलं नेमकं काय हवंय हे कसं ओळखायचं? मी एकच परीक्षा घेतो. फोटो अंगठ्याच्या नखाएवढा लहान करून बघायचा. त्या आकारातही तो पचपचीत, सपाट वाटला तर उणीव मोठ्या मापाची आहे; तिथे क्लॅरिटी. लहान असताना छान दिसतो, पण पडदाभर केल्यावर दगड दगडासारखा आणि कापड कापडासारखं वाटत नाही, तर टेक्स्चर. पडदाभरही चांगला आहे आणि शंभर टक्के झूमवर कडा मऊ दिसतात, तर शार्पनिंग. फोटोत जिथे उणीव दिसते, त्याच आकारावर ठेवून तो स्लायडर हलवायचा.

एक फोटो घेऊन हे करून बघू. सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर. यादवकाळातलं, काळ्या दगडाचं, भिंतींवर थरांमागून थर कोरीवकाम. समजा सकाळी नऊच्या सुमाराला ढगाळ उजेडात २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने रॉ फोटो काढला आहे. पायरीवर नऊवारीतल्या एक आजी बसल्या आहेत, त्यांच्या मागे मंदिराची भिंत आणि शिखर, वर पांढरट आभाळ. एका चौकटीत तीन वेगळ्या गरजा असलेल्या तीन गोष्टी.

आधी उजेड आणि रंग नीट करून घ्यायचे, कारण सावल्या उचलल्या की खरखरही वर येते आणि तिचा विचार नंतरच्या प्रत्येक पायरीत करावा लागतो. मग नखाएवढ्या आकारात बघितलं तर भिंत एक करडा ठोकळा दिसते. ढगाळ उजेडाने कोरीवकामाच्या सावल्या खाऊन टाकल्या आहेत. ही मोठ्या मापाची उणीव, म्हणजे क्लॅरिटी. पण सबंध फोटोवर लावली तर आजींचं वय वाढेल आणि शिखराभोवती पट्टा येईल. म्हणून ब्रशने फक्त भिंत रंगवायची, शिखराची आभाळाकडची कड थोडी सोडून, आणि तिथे क्लॅरिटी अधिक १८. थर एकमेकांपासून सुटे दिसू लागतात.

आता पडदाभर. त्याच रंगवलेल्या भागात टेक्स्चर अधिक ३०. छिन्नीचे घाव, झिजलेल्या मूर्तींचे कंगोरे, दगडाचे खड्डे बोलू लागतात. क्लॅरिटी ४० वर नेऊनही हे झालं नसतं. भिंत नुसती काळवंडली असती. लोक इथेच चुकतात. पोत हवा असतो आणि हात क्लॅरिटीकडे जातो.

आजींच्या चेहऱ्यासाठी वेगळा मुखवटा. क्लॅरिटी शून्यच. टेक्स्चर उणे १०, त्याहून कमी नाही. सुरकुत्या त्यांच्या आहेत, त्या जायला नकोत. लेन्सने अति धारदारपणे टिपलेली रंध्रं तेवढी मागे सरली की पुरे. डोळे आणि भुवया या मुखवट्यातून वगळायच्या. लुगड्याच्या काठावर मात्र टेक्स्चर अधिक १५ चालतं, जरीची वीण दिसते. आभाळाला काहीही नाही.

शेवटी शंभर टक्के झूम, आणि नजर आधी आजींच्या डोळ्यांवर, मग शिखराच्या कडेवर. अमाउंट ५०, रेडियस ०.८, डिटेल ३०. मग ऑल्ट धरून मास्किंग सरकवायचं. साठच्या आसपास आभाळ आणि गाल काळे होतात, कोरीवकाम, पापण्या आणि जरीकाठ पांढरे राहतात. शिखराच्या कडेला पांढरा दोरा दिसत असेल तर अमाउंट दहाने खाली. लाइटरूममध्ये हे स्लायडर कोणत्याही क्रमाने हलवले तरी आतली प्रक्रिया तिच्या ठरलेल्या क्रमानेच होते. हा क्रम आपल्या नजरेसाठी आहे. फोटोशॉपमध्ये किंवा स्नॅपसीडमध्ये तसं नाही. तिथे प्रत्येक बदल आधीच्या बदलावर चढतो, म्हणून तिथे शार्पनिंग खरोखरच शेवटी ठेवावं लागतं.

मोबाइलवाल्यांसाठी नावं वेगळी, मामला तोच. स्नॅपसीडच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘स्ट्रक्चर’ आणि ‘शार्पनिंग’ असे दोन आहेत; स्ट्रक्चर हा बराचसा टेक्स्चर आणि क्लॅरिटी यांच्या मधला. आयफोनच्या फोटो अॅपमध्ये ‘शार्पनेस’ आणि ‘डेफिनिशन’ आहेत; डेफिनिशन क्लॅरिटीच्या घराण्यातला. नावावर भरवसा ठेवू नका. तारेची किंवा झेंड्याच्या काठीची आभाळावरची कड मोठी करून बघा आणि स्लायडर टोकाला न्या. बदल कडेलगतच्या दोऱ्याएवढा असेल तर ते शार्पनिंग. तारेभोवती आभाळाचा रुंद पट्टा उजळला तर ती क्लॅरिटी, नाव काहीही असो.

हीच तार आणखी एक गोष्ट सांगते. कुठलाही स्लायडर न हलवता ती मोठी करून बघा. बहुतेक फोनच्या फोटोंत तारेच्या दोन्ही बाजूंना आधीच पांढरी रेघ असते. फोनने फोटो साठवतानाच भरपूर शार्पनिंग केलेलं असतं. त्यावर आपण पुन्हा केलं की कडेची वाढ कड म्हणून धरली जाते आणि तिचीही कड वाढते. फोनच्या फोटोला शार्पनिंगची गरज क्वचितच असते. थोडं टेक्स्चर किंवा स्ट्रक्चर चालतं, तेही चेहरा वगळून.

गोंदेश्वरचा फोटो पूर्ण झाला तरी एक शार्पनिंग बाकी राहतं. सहा हजार पिक्सेलचा फोटो पडद्यासाठी दोन हजारांचा केला की तीन-तीन पिक्सेलांचा एक होतो आणि कडा पुन्हा मऊ होतात. लाइटरूमच्या एक्स्पोर्टच्या खिडकीत त्यासाठी वेगळी सोय आहे : स्क्रीन, मॅट कागद की ग्लॉसी कागद, आणि कमी, मध्यम की जास्त. पडद्यासाठी स्क्रीन आणि मध्यम पुरतं. मॅट कागदावर शाई थोडी पसरते, म्हणून तिथे जास्त लागतं, आणि असा छपाईसाठी तयार केलेला फोटो पडद्यावर खरखरीत दिसला तर घाबरायचं कारण नाही. टप्प्याटप्प्याने शार्पनिंग करण्याचा हा विचार ब्रूस फ्रेझर यांनी मांडला : एकदा कॅमेऱ्याची मऊ कड सावरायला, एकदा विषयाच्या गरजेनुसार, एकदा शेवटच्या माध्यमासाठी. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा असेल तर मात्र हात आखडता घ्या. तिथे फाइल पुन्हा दाबली जाते, आणि अति धारदार कडांभोवती त्या दाबण्याने ठिपके उठतात.

आणि छपाईसाठी, पडद्यासाठी, व्हॉट्सअॅपसाठी वेगवेगळ्या प्रती काढा, पण मूळ रॉ किंवा फोनमधला न छेडलेला फोटो ठेवून द्या. कडेवर एकदा चढलेला पांढरा पट्टा जेपेगमध्ये साठवला गेला की क्लॅरिटी उणे करूनही तो उतरत नाही.